पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी : नाशिकच्या बाजारात पारख कशी करावी

नाशिकमधील घरांत सुक्या मासळीची मोठी खरेदी एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात होते. १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि पावसाच्या दिवसांत मासळी उन्हात वाळवताही येत नाही. त्यामुळे मे महिन्यात घरात भरलेली सुकट आणि बोंबील निदान गणपती उलटेपर्यंत टिकावे लागतात. आठवड्याच्या कालवणासाठी घेतलेल्या पावकिलोत थोडी ओल निघाली, तर ती तव्यावर भाजताना निघून जाते. तीच ओल चार महिन्यांच्या साठ्यात राहिली, तर जुलै संपायच्या आत डब्यात बुरशी आणि अळ्या दिसू लागतात. म्हणून बेगमीची खरेदी रोजच्या खरेदीपेक्षा वेगळ्या काटेकोरपणे करावी लागते. या लेखात नाशिकच्या घरांत सर्वाधिक लागणाऱ्या चार वस्तूंचाच विचार केला आहे : बोंबील, सुकट, सोडे आणि खारा बांगडा.

आधी एक भेद ध्यानात घ्यावा, कारण पुढची सगळी पारख त्यावर उभी आहे. बोंबील आणि सुकट बहुधा मीठ न लावता केवळ उन्हावर आणि वाऱ्यावर वाळवतात. सोड्यांना काही ठिकाणी थोडे मीठ असते. बांगडा, मुशी, सुरमई यांसारखी मासळी मात्र आधी मिठात मुरवून मग वाळवली जाते. बिनमिठाच्या मासळीला टिकवणारी एकच गोष्ट म्हणजे कोरडेपणा, तर खाऱ्या मासळीला मीठ आणि कोरडेपणा मिळून टिकवतात. म्हणून बोंबलात ओल शोधायची असते, बांगड्यात मात्र मीठ आतपर्यंत पोहोचले आहे की नाही हे पाहायचे असते. दोन्हींना एकच कसोटी लावणाऱ्याची बहुतेक वेळा फसगत होते.

बाजारात जाण्याची वेळ आणि उजेड

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जायचे असेल, तर ऊन चांगले असताना जावे. दिवेलागणीनंतर पिवळ्या दिव्याखाली जुना, लालसर पडलेला बोंबील सोनेरी दिसतो आणि फिकी सुकट ताजी वाटते. दिवसाही पालाच्या रंगाचा फसवा परिणाम होतो. निळ्या ताडपत्रीखाली मासळीचा पिवळेपणा झाकला जातो, तर तांबड्या किंवा नारिंगी पालाखाली सुकटीला नसलेला गुलाबीपणा येतो. म्हणून मूठभर माल हातात घेऊन पालाबाहेर उन्हात पाहावा. “मावशी, जरा उजेडात बघते,” एवढे सांगितले की चांगला माल विकणारी बाई कधी अडवत नाही.

सोबत एक पांढरा रुमाल, पाण्याची छोटी बाटली आणि स्टीलची वाटी असावी. या तिन्हींचा उपयोग पुढे येईल. मेची खरेदी एकाच फेरीत उरकण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या बुधवारी दोन-तीन ठिकाणांहून प्रत्येकी पावकिलो माल घ्यावा, घरी तपासावा आणि पुढच्या बुधवारी ज्या ठिकाणचा माल उतरला तिथूनच बाकीचा घ्यावा. पाऊस सुरू होण्याआधी एवढा वेळ हाताशी असतो.

बोंबील : उजेड, मोड आणि डोके

ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. इतका पाणीदार मासा मीठ न लावता वाळवायचा, म्हणून किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबू आणि दोऱ्यांच्या वलांडीवर टांगतात. टांगलेल्या बोंबलाला चहूबाजूंनी वारा लागतो आणि वाळू चिकटत नाही. जमिनीवर पसरून वाळवलेला बोंबील एका अंगाने चपटा असतो, त्या अंगाला वाळूची खरखर लागते आणि तीच बाजू आतून ओलसर राहण्याची शक्यता असते. यंत्राने किंवा वजनाखाली मुद्दाम चपटे केलेले बोंबीलही मिळतात. ते दोन्ही अंगांनी सारखेच चपटे आणि स्वच्छ असतात, म्हणून केवळ चपटेपणावरून माल नाकारू नये.

बोंबील उन्हाकडे धरून पाहावा. चांगला वाळलेला बोंबील फिकट पिवळसर असतो आणि त्याच्या कडेच्या पातळ भागातून थोडा उजेड झिरपतो. वरून गडद, तपकिरी-लालसर झालेला बोंबील एक तर मागच्या हंगामाचा असतो, नाहीतर त्यातला स्निग्ध अंश हवेने खवट झालेला असतो. त्यानंतर शेपटीकडचा भाग वाकवावा. नीट वाळलेली शेपटी थोडी वाकताच कट् असा आवाज करून तुटते. ती चामड्याच्या पट्ट्यासारखी दुमडली आणि तुटलीच नाही, तर त्या मालात ओल आहे. हा प्रयोग पोटाकडच्या जाड भागावर करू नये, कारण तो भाग चांगल्या मालातही थोडा लवचिक असतो.

सर्वांत महत्त्वाचे डोके. ओल सर्वांत शेवटी कल्ल्यांजवळ आणि तोंडाच्या पोकळीत उरते, आणि वाळवताना माश्यांनी घातलेली अंडीही तिथेच असतात. म्हणून दोन-तीन बोंबलांची डोकी पांढऱ्या रुमालावर हलक्या हाताने आपटून पाहावीत. रुमालावर वाळूचे दोन-चार कण पडले तर चिंता नाही. पण बारीक तपकिरी भुसा, केसाळ अळ्या किंवा त्यांनी टाकलेल्या पोकळ काती पडल्या, तर तो माल घेऊ नये. हा भुसा म्हणजे अळ्यांनी पोखरलेल्या मासळीची भुकटी असते. वर मांडलेले बोंबील निवडून ठेवलेले असतात, म्हणून पोत्याच्या तळाचे दोन-चार बोंबील मागून घ्यावेत. पोत्याच्या कोपऱ्यात साचलेली भुकटीही पाहावी, कारण तो माल किती दिवस पोत्यात पडून आहे हे तिथूनच कळते.

सुकट : स्वस्त कोणती, महाग कोणती

नाशिककडे सुकट म्हटली की बहुधा वाळवलेला जवळा किंवा तशीच बारीक कोळंबी डोळ्यांपुढे येते. सुकटीची पारख डोळ्यांनी अर्धवटच होते, कारण फसवणुकीचा खरा भाग वजनात असतो. वाळू, भुकटी आणि ओल या तिन्हींचे पैसे आपण सुकटीच्याच भावाने मोजतो. हे हिशेबात उतरवल्याशिवाय पटत नाही, म्हणून गेल्या मे महिन्यात मी केलेली एक तुलना सविस्तर देते. भाव त्या दिवसाचे आणि त्या दोन विक्रेत्यांचे आहेत, ते बदलतील. पद्धत मात्र हीच राहील.

पहिल्या ठिकाणी सुकट ४०० रुपये किलो होती, दुसऱ्या ठिकाणी ४८० रुपये. दोन्हीकडून पाव-पाव किलो घेतली, म्हणजे पहिलीचे १०० आणि दुसरीचे १२० रुपये झाले. घरी दोन्ही वेगवेगळ्या ताटांत घेऊन पिठाच्या चाळणीने चाळल्या. पहिलीतून २८ ग्रॅम वाळू आणि भुकटी निघाली, दुसरीतून ६ ग्रॅम. मग चाळलेली सुकट जाळीच्या झाकणाखाली गच्चीवर एक दिवस कडक उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा वजन केले. पहिली २२२ ग्रॅमवरून १८८ ग्रॅमवर आली, म्हणजे तिच्यातून ३४ ग्रॅम पाणी गेले. दुसरी २४४ ग्रॅमवरून २३५ वर आली, म्हणजे ९ ग्रॅमच गेले. उरलेल्या स्वच्छ, कोरड्या सुकटीचा भाव काढला तर पहिली ५३२ रुपये किलो पडली आणि दुसरी ५११ रुपये. बाजारात ८० रुपयांनी स्वस्त वाटणारी सुकट घरात २१ रुपयांनी महाग ठरली. शिवाय पहिलीत एवढी ओल होती की ती तशीच डब्यात भरली असती, तर महिनाभरही टिकली नसती.

घरी वजनकाटा नसेल, तर जवळच्या किराणा दुकानात दोन्ही वेळा वजन करून घ्यावे. मात्र दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच उन्हात ठेवावेत. वेगवेगळ्या दिवशी ठेवले तर उन्हाच्या फरकाने तुलना बिघडते.

बाजारातल्या बाजारात करण्याजोगी तपासणी सोपी आहे. मूठभर सुकट मुठीत दाबून हात उघडावा. कोरडी सुकट लगेच मोकळी होऊन पसरते, ओलसर सुकटीचा गोळा राहतो. मग वाटीत थोडे पाणी घेऊन चिमूटभर सुकट त्यात टाकावी, बोटाने ढवळावी आणि वरचे पाणी हळूच ओतून द्यावे. तळाशी राहिलेली वाळू लगेच दिसते. पाण्याचा रंगही पाहावा. चांगल्या सुकटीचे पाणी थोडे गढूळ किंवा फिकट पिवळसर होते. ते दोन-चार मिनिटांत स्पष्ट गुलाबी किंवा नारिंगी झाले, तर वरून रंग लावलेला असण्याचा संशय घ्यावा. कोळंबीचा स्वतःचा तांबडा रंग पाण्यात विरघळणारा नसतो, तो तेलात उतरतो. म्हणूनच सुकटीच्या कालवणावर तांबूस तवंग येतो, पण तिला धुतलेले पाणी तांबडे होत नाही.

सोडे

सोडे या चौघांत सर्वांत महाग असतात, म्हणून त्यांत सरमिसळही जास्त होते. वर मोठे सोडे आणि खाली बारीक तुकडे असा प्रकार नेहमीचा आहे, त्यामुळे हात तळापर्यंत घालून मूठ बाहेर काढावी. सोड्यांवर पांढरा थर दिसला, तर तो मिठाचा आहे की बुरशीचा हे ओळखता आले पाहिजे. बोटाला पाण्याचा थेंब लावून त्या थरावर टेकवावा. मीठ असेल तर कण विरघळून नाहीसे होतात. बुरशी असेल तर ती विरघळत नाही, बोटाला मऊ, राखेसारखी माखते. हीच कसोटी पुढे बांगड्यालाही लागू पडते. सोड्यांना मिठाचा जाड थर असेल तर सोड्यांच्या भावाने मीठ विकत घेणे होते. असे सोडे घेऊ नयेत.

वास : बाजारात नाक कसे वापरावे

“सुक्या मासळीला वास येणारच,” असे म्हणून अनेक जण नाकाची कसोटी सोडून देतात. वास येतो हे खरे, पण कोणता वास यावा हे ठरलेले असते. शिवाय दहा मिनिटे मासळीच्या ओळीत फिरल्यावर नाक त्या वासाला सरावते आणि चांगले-वाईट सारखेच वाटू लागते. म्हणून माल हातात घेऊन ओळीपासून दहा-पंधरा पावले बाजूला जावे आणि मिनिटभर मोकळ्या हवेत श्वास घ्यावा. मग मासळी ओंजळीत झाकून तिच्यावर तोंडाने गरम वाफ सोडावी, आणि लगेच ओंजळ नाकाजवळ आणावी. ऊब आणि किंचित दमटपणा मिळाला की दडलेला वास वर येतो. त्यानंतर बोंबील किंवा बांगडा मोडून आतल्या ताज्या भागाचाही वास घ्यावा, कारण वरचा वास शेजारच्या मालाचा असू शकतो, आतला मात्र त्याचा स्वतःचाच असतो.

चांगल्या सुक्या मासळीचा वास तीव्र असला तरी स्वच्छ असतो. त्यात समुद्राचा, मिठाचा आणि किंचित भाजल्यासारखा भाव असतो, आणि हात धुतल्यावर तो बराचसा उतरतो. नाकारण्याजोगे वास चार आहेत. खवट वास जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा असतो. तो मांदेली, बांगडा अशा स्निग्ध मासळीत जास्त येतो आणि भाजून किंवा मसाल्याने जात नाही. कुबट वास ओल आणि बुरशी सांगतो, मग डोळ्यांना बुरशी दिसो वा न दिसो. नाकात झोंबणारा, अस्वच्छ मुतारीसारखा वास मासळी वाळण्याआधीच कुजू लागल्याची खूण आहे. मात्र इथे एक अपवाद आहे. मुशीच्या मांसात मुळातच युरिया असतो आणि त्यातून हा वास तयार होतो, म्हणून मुशीला तो थोडा येणे स्वाभाविक आहे. बोंबील, सुकट किंवा बांगड्याला तो आला तर तो माल मुळातच शिळ्या मासळीचा आहे.

चौथा वास औषधाचा : रॉकेलसारखा, डास मारण्याच्या फवाऱ्यासारखा किंवा गोडसर-रासायनिक. किडे लागू नयेत म्हणून काही ठिकाणी वाळवताना किंवा साठवताना कीटकनाशक फवारले जाते, आणि हे धुऊन किंवा शिजवून पूर्णपणे जाईल यावर विसंबता येत नाही. याची आणखी एक खूण आहे. माल हाताला ओलसर लागतो, शेजारच्या ढिगांवर माश्या घोंघावत आहेत आणि याच ढिगावर एकही माशी बसत नाही, असे दिसले तर तो माल सोडून द्यावा. पूर्ण कोरड्या मालावर माश्या कमीच बसतात, म्हणून ही खूण ओलसर मालालाच लावावी.

खारा बांगडा : मीठ किती, आणि कुठे

खाऱ्या मासळीत मीठ कमी असणे हे जास्त असण्यापेक्षा वाईट आहे, आणि ग्राहक नेमका उलटा विचार करतो. कमी खारट बांगडा चवीला बरा म्हणून घेतला जातो, पण तोच आधी बिघडतो. मीठ मासळीतले पाणी बाहेर ओढते आणि आत शिरून कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखते. ते पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचले नाही, तर कण्याभोवतीचे मांस आतल्या आत कुजत राहते आणि वरून बांगडा ठणठणीत दिसतो. घाईने वाळवलेल्या मालात असे नेहमी होते. वरचा थर उन्हात कडक होतो, त्यामुळे आतले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

म्हणून बांगड्याची पारख कण्यापाशी करावी. पोटाच्या बाजूने उघडलेल्या बांगड्याचा कणा अंगठ्याने दाबून पाहावा. चांगल्या मालात मांस घट्ट लागते आणि अंगठा उचलल्यावर खड्डा राहत नाही. मांस मऊ लागून खड्डा राहिला किंवा कणा मांसापासून आपोआप सुटून आला, तर मीठ आत पोहोचलेले नाही किंवा मासळी मिठात घालण्यापूर्वीच शिळी होती. कण्याभोवती गडद लाल-काळपट डाग असतील, तर तेही त्याचेच चिन्ह आहे. पोट फाटून बरगड्या बाहेर आलेला बांगडा घेऊ नये. बांगड्याच्या पोटातले पाचक रस मासा मेल्यावर लवकर पोटाची भिंत विरघळवतात, त्यामुळे फुटलेले पोट म्हणजे मासा पकडल्यानंतर मिठात जायला उशीर झाला.

या उशिराकडे मी फार गांभीर्याने पाहते. बांगडा आणि सुरमई ही मासळी उन्हात किंवा गरम जागी पडून राहिली, तर तिच्यात हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो मिठाने, उन्हाने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत चेहरा लाल होणे, ओठ चुरचुरणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो, आणि लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात. हा पदार्थ दिसत नाही आणि त्याचा वास ओळखता येईलच असे नाही. खरेदीदाराच्या हाती एवढेच असते की पोट फाटलेला, कण्याशी मऊ पडलेला बांगडा घेऊ नये आणि खाताना जिभेला मिरीसारखी झणझणीत चरचर जाणवली तर पुढचा घास घेऊ नये. श्वास घेण्यास त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

आता वरचे मीठ पाहावे. चांगल्या खाऱ्या बांगड्यावर मिठाची पातळ, कोरडी, पांढरट साय असते. जाड खडे चिकटलेले असतील तर एक बांगडा रुमालावर झटकावा आणि किती मीठ पडते ते पाहावे, कारण तेही तराजूत मासळीच्या भावाने मोजले जाते. वजन करण्यापूर्वी बांगडे झटकून घ्यावेत, आणि तसे विनासंकोच सांगावे. मिठावर गुलाबी किंवा लालसर छटा दिसली, तर ती मिठात वाढणाऱ्या जिवाणूंची असते. हे जिवाणू मिठागरातल्या मिठातूनच येतात आणि ओल मिळाली की पसरतात. ही छटा पुसून विकली जाते, म्हणून कल्ले आणि शेपटीचे सांधे पाहावेत, तिथे ती शिल्लक राहते. चॉकलेटी मिरीएवढे ठिपके दिसले तर ती मिठातही तग धरणारी बुरशी आहे. ती ओल्या बोटाने विरघळत नाही.

मीठ चाखून ठरवण्यासाठी बाजारात कच्चा तुकडा जिभेला लावू नये. एक बांगडा आधी घरी आणून परीक्षा करावी. तो मधोमध कापून कण्याजवळचा रंग पाहावा, रंग काठापासून कण्यापर्यंत सारखा असावा. मग एक तुकडा साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवावा, पाणी बदलून पुन्हा वीस मिनिटे भिजवावा, आणि तव्यावर पूर्ण भाजून थोडा खावा. दोन पाण्यांनंतर चव भाकरीसोबत चालेल इतकी खारट लागली तर मीठ प्रमाणात आहे. तरीही ती तोंड कडू करणारी राहिली, तर मीठ अशुद्ध आहे : मिठागरातल्या जाड मिठात मॅग्नेशियमसारखे क्षार जास्त असले की असा कडवटपणा येतो. आणि एकाच पाण्यानंतर बांगडा जवळपास अळणी झाला, तर तो बेगमीला उपयोगाचा नाही. तो आठवड्यात संपवावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

घरात रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर एक हिशेब लक्षात ठेवावा. खाऱ्या मासळीच्या वजनात मिठाचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास असू शकतो. म्हणजे न भिजवलेल्या २५ ग्रॅमच्या तुकड्यात ५ ग्रॅमपर्यंत मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसभराचे मीठ त्याहून कमी ठेवायला सांगते. भिजवल्याने यातले बरेच मीठ निघते, सगळे निघत नाही. अशा घरात बिनमिठाचे बोंबील आणि सुकट घेणे शहाणपणाचे.

पाकीटबंद मालासाठी वेगळे फार सांगण्यासारखे नाही. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि वापरण्याची मुदत असावी. पाकिटाच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब किंवा धूसरपणा दिसला तर ते घेऊ नये, कारण माल ओला भरला गेला आहे.

घरी आणल्यावर, आणि ऑगस्टमध्ये

पारखून आणलेला माल त्याच दिवशी डब्यात भरू नये. बोंबील आणि सुकट चाळून, निवडून, जाळीखाली एक-दोन दिवस नाशिकच्या मे महिन्यातल्या कडक उन्हात ठेवावी. संध्याकाळी सावलीत पूर्ण निवू द्यावी आणि मगच स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम माल बंद केला तर झाकणाच्या आतून पाणी सुटते, आणि दोन दिवसांचे ऊन वाया जाते. सोडे महाग असल्याने ते भरण्यापूर्वी पाकिटात बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे राहून गेलेली अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाकीट उघडू नये, नाहीतर हवेतला दमटपणा सोड्यांवर बसतो.

खारा बांगडा मात्र वेगळा सांभाळावा. हवेतला दमटपणा साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतून पाणी ओढू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा अनेकदा त्या पातळीच्या पुढे असते. मग उघड्या डब्यातला बांगडा स्वतःच ओला होतो, मीठ वितळून खाली खारे पाणी जमते आणि वरच्या भागातले मीठ कमी होते. म्हणून बांगडे कागदात एकेक गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बोंबलाच्या डब्यात कधीही ठेवू नयेत, कारण खाऱ्या मासळीने ओढलेली ओल बिनमिठाची मासळी शोषून घेते.

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, पाऊस थांबलेला असताना, डबा उघडून बोंबलाची शेपटी पुन्हा वाकवून पाहावी. ती कट् करून तुटली तर झाकण लावून टाकावे. ती दुमडली, पण वास स्वच्छ आहे आणि बुरशी नाही, तर मंद आचेच्या तव्यावर पाच-सात मिनिटे कोरडे परतून, निववून पुन्हा भरावे. परतलेल्या बोंबलांचा डबा वेगळा ठेवावा आणि तो आधी संपवावा.